परदेशातला पगार किती धरायचा? 128 भागिले 365 इथे का चुकते

प्रश्न: नोकरी मायदेशातल्या कंपनीत, पगारही इथल्याच खात्यात. या कर-वर्षात तीन फेऱ्या मिळून 128 दिवस परदेशातल्या ग्राहकाच्या ऑफिसात होतो. वर्षभराची सगळी रक्कम 30,80,000. त्यातला परदेशातला भाग तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आहे. 128 भागिले 365 केले की 10,80,110 येतात. सहकारी म्हणतो फक्त कामाचे दिवस धर. एचआरकडे एकच एकूण आकडा आहे, दिवसांचा आणि रकमांचा तपशील मी सोबत दिला आहे. नेमके काय करू?

उत्तर:

तुमचा सहकारी बरोबर सांगतोय, पण अर्धेच. दिवस कोणते मोजायचे हा एक भाग झाला. त्या दिवसांच्या प्रमाणात नेमकी कोणती रक्कम वाटायची, हा दुसरा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींत दिवसांवर भरपूर वाद झालेला असतो आणि रकमेकडे कुणी पाहिलेलेच नसते. तुमच्या 30,80,000 मध्ये चार वेगवेगळ्या स्वभावाच्या रकमा आहेत आणि चौघींना एकच अपूर्णांक लावता येत नाही.

आधी एक अट. हा भाग काढल्यावर त्यावर परदेशात कर लागेलच असे नाही. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर त्यातले नोकरीच्या उत्पन्नाचे कलम आधी वाचा. बहुतेक करार ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात आणि त्यात हे कलम 15 आहे. तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर परदेशाला तुमच्या पगारावर कर लावता येत नाही: तिथला तुमचा मुक्काम 183 दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारा मालक तिथला रहिवासी नाही, आणि त्या पगाराचा खर्च मालकाच्या तिथल्या कायम आस्थापनेवर, म्हणजे कायमस्वरूपी ऑफिस किंवा शाखेवर, पडत नाही. तुमचे 128 दिवस पाहून पहिली अट पूर्ण झाली असे वाटेल, पण थोडे थांबा. नमुना करारात हे 183 दिवस कुठल्याही बारा महिन्यांत मोजतात. जुन्या करारांत कर-वर्षात मोजतात. तुमची तिसरी फेरी पुढच्या वर्षात लांबली असेल तर बारा महिन्यांच्या मोजणीत आकडा वेगळा निघू शकतो. शिवाय तुम्ही ग्राहकाच्या ऑफिसात बसत होता. तुमच्या कामावर देखरेख ग्राहकाची असेल आणि तुमच्या पगाराएवढी रक्कम त्याला बिलात लावली जात असेल, तर काही देश खरा मालक तोच असे मानतात. मग दुसरी अट निसटते. तुम्हाला तिथे रिटर्न भरायलाच सांगितले आहे, म्हणजे कुणीतरी हे तपासले असावे असे धरून पुढे जातो. त्यांनी काय तपासले ते मात्र विचारून घ्या.

आता मोजणी. इथे दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे बिघडते.

183 च्या अटीसाठी मुक्काम मोजतात. पाय त्या देशात होता की दिवस धरला. उतरल्याचा दिवस, निघाल्याचा दिवस, शनिवार-रविवार, तिथे काढलेली रजा, सगळे त्यात येते. तुमचे 128 हा मुक्कामाचा आकडा आहे. पगार वाटायला तो उपयोगाचा नाही, कारण पगार मुक्कामाबद्दल मिळत नाही, कामाबद्दल मिळतो. वाटणीला परदेशात काम केलेले दिवस वर ठेवायचे आणि वर्षभरात एकूण काम केलेले दिवस खाली. बऱ्याच देशांत हीच रीत आहे. काही ठिकाणी स्थानिक नियम कॅलेंडरचे दिवस धरू देतात, पण तिथेही वर आणि खाली एकाच जातीचे दिवस लागतात. वर मुक्कामाचे 128 आणि खाली कामाचे दिवस घेतले तर निम्म्याहून जास्त पगार परदेशात जातो. वर कामाचे दिवस आणि खाली 365 घेतले तर तो जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या खाली येतो. दोन्ही प्रकार मी रिटर्नमध्ये भरलेले पाहिलेत, आणि दोन्ही वेळा गुणाकार अगदी बिनचूक होता.

तुम्ही दिलेल्या तपशिलावरून तुमचे वर्ष असे उभे राहते. 365 दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या 104, सार्वजनिक सुट्ट्या 10 आणि रजा 21 वजा केल्या की 230 उरतात. परदेशात प्रोजेक्ट चालू करताना तुम्ही चार शनिवार कामाला गेलात, ते मिळवून 234. आता परदेशाची बाजू: 128 मधून तिथल्या साप्ताहिक सुट्ट्या 36, सार्वजनिक सुट्ट्या 3 आणि तिथेच घेतलेली 5 दिवसांची रजा वजा केली की 84, आणि ते चार शनिवार धरून 88. शनिवार वरही मिळवायचे आणि खालीही. नुसते वर मिळवले तर प्रमाण उगाच फुगते.

सुट्ट्या आणि रजा दोन्हीकडून का गाळायच्या, हे बरेच जण विचारतात. रजेचा पगार तर मिळतोच, मग तो कुणाचा? रजा ही कामातून कमावलेली गोष्ट आहे. ती दोन्ही बाजूंतून काढली की रजेचा पगार आपोआप कामाच्याच प्रमाणात दोन देशांत विभागला जातो. रजा कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर काढली याने काही फरक पडत नाही आणि पडूही नये. तुमचे ते पाच दिवस परदेशात फिरण्यात गेले म्हणून त्या पाच दिवसांचा पगार परदेशाचा होत नाही.

प्रवासाच्या दिवसांवर ठाम उत्तर नाही. तुमच्या सहा प्रवासांपैकी दोन साप्ताहिक सुट्टीला आले, ते आधीच 36 मध्ये गेले. दोनदा तुम्ही दिवसभर परदेशातल्या ऑफिसात काम करून रात्रीचे विमान पकडले. तो पूर्ण दिवस परदेशातल्या कामाचाच. राहिले दोन दिवस, जेव्हा सकाळपासून विमानात होता आणि संध्याकाळी उतरलात. काम काहीच झाले नाही. मी असे दिवस दोन्ही बाजूंतून गाळतो. काही जण अर्धा इकडे, अर्धा तिकडे करतात, तेही चालते. एकदा ठरवलेली रीत सगळ्या फेऱ्यांना आणि पुढच्या वर्षीही लावायची, एवढेच पथ्य. कर अधिकारी प्रवासाच्या एका दिवसावर सहसा अडत नाही. जाताना एक नियम आणि येताना दुसरा दिसला की अडतो.

तर परदेशाचे 86, एकूण 232. मायदेशाच्या बाजूने उलट मोजून पडताळा घ्या: 237 दिवस मायदेशात, त्यातून 68 साप्ताहिक सुट्ट्या, 7 सार्वजनिक सुट्ट्या आणि 16 रजा गेल्या की 146. आणि 146 अधिक 86 म्हणजे 232. हा पडताळा जुळला नाही तर रकमेला हातच लावू नका. बहुधा एखादी सुट्टी दोनदा गाळली गेलेली असते, कारण परदेशात असताना मायदेशातल्या सणाची सुट्टी तुम्ही घेतलेली नसते, पण एचआरच्या कॅलेंडरात ती असते.

कुठे काम केले हे शरीर कुठे होते त्यावर ठरते. साधी गोष्ट आहे, पण इथे फार घसरतात. माझ्याकडच्या एका माणसाच्या कंपनीने परदेशातले दिवस टाइमशीटवरून काढले होते. टाइमशीटमध्ये परदेशी प्रोजेक्टचा कोड टाकला की तो दिवस परदेशाचा. हा गृहस्थ परत आल्यावरही आठ आठवडे मायदेशातल्या ऑफिसात बसून त्याच प्रोजेक्टचे काम करत होता. ते सगळे दिवस परदेशात गेले आणि तिथे कर भरला गेला. बोर्डिंग पास टाइमशीटशेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवली तेव्हा कुठे उलगडा झाला. ग्राहक कुठला, पैसे कुठून आले, ईमेल कुणाला गेले, हे सगळे इथे गैरलागू आहे. उलटही तितकेच खरे: परदेशात हॉटेलात बसून मायदेशातल्या टीमचा दिवसभराचा कॉल केला तरी तो दिवस परदेशाचाच.

आता रकमा. तुम्ही दिलेली फोड: नियमित पगार 24,00,000, परदेशी मुक्कामाचा भत्ता 3,20,000, मायदेशात ऑफिसला येण्याजाण्याचा भत्ता 60,000, आणि बोनस 3,00,000.

आधी ज्या रकमा एकाच जागेशी बांधलेल्या आहेत त्या बाजूला काढा. मुक्कामाचा भत्ता फक्त परदेशातल्या दिवसांसाठी मिळाला, तो पूर्ण परदेशात. येण्याजाण्याचा भत्ता परदेशात असताना बंद होता, तो पूर्ण मायदेशात. या दोघांवर अपूर्णांक चालवणे म्हणजे परदेशातल्या घरभाड्याचा काही भाग मायदेशातल्या कामाला जोडणे. भत्त्याबाबत एक गोष्ट तपासा: प्रत्यक्ष खर्चाची भरपाई म्हणून मिळालेली रक्कम काही देशांत उत्पन्नात धरतच नाहीत. तुमचा भत्ता बिलांवर मिळाला की ठोक, यावर ते ठरेल. मी इथे ठोक धरला आहे.

मग नियमित पगार. 24,00,000 गुणिले 86 भागिले 232, म्हणजे 8,89,655 परदेशात. उरलेले 15,10,345 मायदेशात.

बोनस सगळ्यात जास्त लोकांना चकवतो. तो या वर्षी हातात आला, पण मागच्या वर्षाच्या कामाबद्दल. मग वाटणीही मागच्या वर्षाच्या दिवसांनी करायची. तुम्ही लिहिले आहे की मागच्या वर्षी त्याच देशात एक छोटी फेरी झाली होती, कामाचे 23 दिवस, आणि वर्षभराचे कामाचे दिवस 230. म्हणजे दहावा हिस्सा, 30,000. बाकी 2,70,000 मायदेशाचे. कोणत्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवायचे हे त्या देशाच्या नियमावर आहे, बहुतेक ठिकाणी मिळाल्याच्या वर्षात. पण वाटणीचे प्रमाण कमावल्याच्या काळाचेच. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. या वर्षाचा बोनस पुढच्या वर्षी मिळेल आणि तेव्हा तुम्ही परदेशात एक दिवसही गेला नसाल, तरी त्यातला 86/232 भाग परदेशाचाच राहील. लोक परत आल्यावर तिथली फाईल बंद झाली असे समजतात आणि हा बोनस निसटतो. ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय मिळाले असतील तर हेच तत्त्व जास्त लांब पल्ल्याचे होते: पर्याय ज्या काळातल्या नोकरीबद्दल मिळाले तो सगळा काळ घ्यायचा, बहुतेकदा दिल्यापासून हक्क पक्का होईपर्यंत. विकताना तुम्ही कुठे होता याने वाटणी बदलत नाही.

बेरीज करू. परदेशात 8,89,655 अधिक 3,20,000 अधिक 30,000, म्हणजे 12,39,655. मायदेशात 15,10,345 अधिक 60,000 अधिक 2,70,000, म्हणजे 18,40,345. दोन्ही मिळून 30,80,000. तुम्ही 128/365 ने काढलेल्या आकड्यापेक्षा हा 1,59,545 ने जास्त आहे. गंमत म्हणजे नियमित पगारात दोन्ही रीतींचा फरक फार नाही, प्रमाण 35 टक्क्यांचे 37 होते. मोठा फरक भत्त्यामुळे आला, आणि बोनसने तो थोडा उलट दिशेला ओढला. म्हणून म्हटले, दिवसांपेक्षा रकमेवर जास्त वेळ घालवा.

तुमच्या तपशिलात नाही, पण असल्यास मोठा फरक करणारी गोष्ट म्हणजे वर्षाच्या मध्ये झालेली पगारवाढ. समजा 24,00,000 पैकी पहिल्या सहामाहीत 11,00,000 आणि दुसऱ्या सहामाहीत 13,00,000 मिळाले, दोन्हींत कामाचे 116 दिवस, आणि परदेशातले 20 दिवस पहिल्यात, 66 दुसऱ्यात. तर प्रत्येक सहामाही वेगळी वाटायची: पहिलीतून 1,89,655, दुसरीतून 7,39,655, एकूण 9,29,310. सरळ वर्षाच्या प्रमाणापेक्षा 39,655 ने जास्त. परदेशातले काम वाढीव पगारावर झाले असेल तर वर्षाची सरासरी ते झाकून टाकते. पगार स्थिर असेल तर हा खटाटोप करू नका.

काही जण विचारतात, परदेशात कर कमी असेल तर जास्त भाग तिकडे ढकलावा का, किंवा उलट? मायदेशाचे तुम्ही रहिवासी राहिलात तर मायदेश सहसा पूर्ण 30,80,000 वर कर काढतो आणि परदेशात भरलेल्या कराची वजावट देतो. या वजावटीला मर्यादा असते: परदेशातल्या उत्पन्नावर मायदेशाच्या दराने जेवढा कर बसेल तेवढीच. समजा मायदेशात एकूण कर 7,70,000 झाला, म्हणजे उत्पन्नाच्या 25 टक्के. तर 12,39,655 वरची मर्यादा 3,09,914. परदेशात 3,40,000 भरले असतील तर वरचे 30,086 या वर्षी वजा होत नाहीत. म्हणून दोन्ही रिटर्नमध्ये परदेशातला भाग एकच असावा लागतो. परदेशात कमी दाखवून मायदेशात वजावट मागताना जास्त दाखवला, तर देशांमध्ये माहितीची देवाणघेवाण चालते आणि हा फरक सहज दिसतो. काही करारांत वजावटीऐवजी परदेशातला भाग मायदेशात करमुक्तच करतात. तिथे वाटणीतला प्रत्येक रुपया, डॉलर, जे चलन असेल ते, थेट करात दिसतो.

दोन देशांचे कर-वर्ष वेगळे असेल, एकाचे जानेवारीपासून आणि दुसऱ्याचे मध्येच कुठून तरी सुरू होणारे, तर एकदाच काढलेले 86/232 दोन्हीकडे वापरता येत नाही. म्हणून वर्षाचा गोषवारा ठेवण्यापेक्षा दिवसावार तक्ता ठेवा. तो सलग चालू ठेवला की हवे तिथे कापता येतो.

तक्ता मी असा करून घेतो: A मध्ये तारीख, B मध्ये शेरा, C मध्ये मायदेशातले काम, D मध्ये परदेशातले काम, E मध्ये परदेशात मुक्काम. C आणि D मध्ये 0, 0.5 किंवा 1. E मध्ये पाय तिथे होता तर 1. मग प्रमाण आणि मुक्काम असे निघतात:

```
=SUM(D2:D366)/(SUM(C2:C366)+SUM(D2:D366))
=SUM(E2:E366)
```

पहिले सूत्र पगाराला, दुसरे 183 च्या अटीला. तुमच्या बाबतीत पहिल्यातून 0.3707 आणि दुसऱ्यातून 128 यायला हवेत. D मध्ये काही आहे आणि E मध्ये 0 आहे, असा एकही दिवस दिसला तर ती नोंद चुकली आहे. शेऱ्याच्या रकान्यात पुरावा लिहा: बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा शिक्का, ऑफिसच्या प्रवेशपत्राची नोंद, रजेचा अर्ज. हे त्याच आठवड्यात लिहिले तर दहा मिनिटांचे काम. वर्षाअखेरीला आठवायला बसलात तर चार शनिवारांपैकी दोनच आठवतील.

एचआरकडून एकूण आकडा घेऊन थांबू नका. त्यांना तीन गोष्टी लेखी मागा: बोनस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या कामाचा, प्रत्येक भत्ता कोणत्या महिन्यांसाठी आणि कशाबद्दल, आणि परदेशातल्या कर खात्याला कंपनीने तुमच्या नावावर काही पगार आधीच कळवला आहे का. तिसरे उत्तर हो असेल तर तो आकडा तुमच्या 12,39,655 शी जुळवा. बहुतेक वेळा जुळत नाही, कारण कंपनी वर्षाच्या मध्ये अंदाजाने कळवते आणि चार शनिवार, रजा, बोनसचा काळ तिच्या हिशेबात नसतो. अशा वेळी रिटर्नमध्ये तुमचा काढलेला आकडाच भरा, सोबत तक्ता आणि दोन आकड्यांतला फरक ओळीवार समजावणारा एक कागद जोडा, आणि कंपनीलाही सुधारित आकडा कळवायला सांगा.